मँचेस्टर वाढलं कसं आणि माणसं राहिली कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांना मी इतिहास शिकवते. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात: काही मुलांचे, काही स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे, आणि अलीकडे भोसरी-चिंचवडच्या पालकांचेही, कारण त्यांनी कारखान्यांभोवती गाव वाढताना डोळ्यांनी पाहिलंय. सारखी तीच उत्तरं लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. सगळ्या इंग्लंडचं इथे मिळणार नाही. मी एकच शहर घेतलंय, मँचेस्टर, आणि त्यातही घर, पाणी आणि संडास. यंत्रांच्या शोधांची यादी पाठ्यपुस्तकात आहेच.

१. उदाहरण नेहमी मँचेस्टरचंच का? लंडन जास्त मोठं नव्हतं का?

लंडन मोठं होतंच, पण ते राजधानी आणि बंदर म्हणून शतकानुशतकं मोठं होत आलेलं. मँचेस्टर एका धंद्याच्या, म्हणजे कापसाच्या, जोरावर दोन-तीन पिढ्यांत फुगलं. त्यामुळे कारखान्यामुळे काय झालं आणि आधीपासून काय होतं, हे तिथे वेगळं काढता येतं. शिवाय ते इतकं नवलाचं होतं की डॉक्टर, प्रवासी, परदेशी पाहुणे मुद्दाम बघायला यायचे आणि लिहून ठेवायचे. म्हणून कागद भरपूर आहेत.

२. नेमकं किती वाढलं?

१७७० च्या दशकात वीस-पंचवीस हजारांचं बाजाराचं गाव. १८०१ साली पहिली जनगणना झाली तेव्हा सुमारे ७५ हजार. १८५१ साली तीन लाखांच्या वर. म्हणजे ऐंशी वर्षांत बारा पट. त्याच १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधली निम्म्याहून थोडी जास्त माणसं शहरांत राहत असल्याचं दिसलं.

३. मी दुसरीकडे वेगळा आकडा वाचला. तुमचा चुकलाय का?

चुकलेला नसावा. बहुतेक हद्दीचा फरक असेल. मँचेस्टर म्हणजे फक्त जुनं गाव धरायचं, की १८३८ साली जोडलेली आजूबाजूची वस्तीही, की नदीपलीकडचं सॅलफर्डही, यावर आकडा हजारोंनी सहज हलतो. पुण्याचंच बघा ना. २०१७ साली अकरा गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी तेवीस. त्या दिवशी कोणी सामान बांधून पुण्यात राहायला आलं नव्हतं, पण कागदावर शहर वाढलं. वाढीचा आकडा दिसला की आधी विचारा, माणसं आत आली की हद्द बाहेर गेली?

४. पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या नदीकाठी असायच्या. मग शहरात कशाला आल्या?

सुरुवात नदीकाठीच झाली. रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ ची, डोंगराळ भागातल्या ओढ्यावर. तिथे पाण्याचा जोर फुकट, पण माणसं कमी. मजूर आणायचे तर त्यांच्यासाठी घरंही बांधावी लागायची.

१७८० च्या दशकात वाफेचं इंजिन चाक फिरवण्याइतकं तयार झालं. आता गिरणीला नदी लागेना, कोळसा लागू लागला. आणि कोळसा मँचेस्टरमध्ये आधीच स्वस्त झाला होता. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्लीच्या खाणींपासून शहरापर्यंत कालवा खणला, तो १७६१ साली सुरू झाला आणि कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. मग गिरणी तिथेच उभी राहिली जिथे कोळसा स्वस्त, माणसं तयार आणि सूत विकत घेणारा व्यापारी हाकेच्या अंतरावर. १७९० च्या दशकाच्या अखेरीपासून अँकोट्स भागात सात-आठ मजली गिरण्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या.

एक दुरुस्ती मात्र मी नेहमी करते. मँचेस्टर म्हणजे नुसत्या गिरण्या असं चित्र मनात असतं. प्रत्यक्षात तिथे गोदामं, दलाल आणि बाजारही तितकाच होता. पुढेपुढे सूतकताईचा बराचसा भार ओल्डहॅम, बोल्टन अशा भोवतालच्या गावांवर गेला आणि मँचेस्टर त्यांची पेढी झालं.

५. एवढी माणसं आली कुठून?

बहुतेक जवळूनच. लँकेशर आणि चेशरच्या खेड्यांतून, एक-दोन दिवसांच्या पायी वाटेवरून. माणूस आधी जवळच्या छोट्या गावात जातो, मग तिथून मोठ्या शहरात. १८८५ साली राव्हेन्स्टाइन या अभ्यासकाने जनगणनेचे आकडे लावून हेच दाखवलं. लांबून आलेला मोठा गट आयरिश लोकांचा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने त्यांचा लोंढा वाढला, पण ते त्याआधीपासूनच येत होते. १८५१ साली शहरातली सुमारे १३ टक्के माणसं आयर्लंडमध्ये जन्मलेली होती.

ओळखीनेच यायचे. आधी आलेल्या भावाकडे उतरायचं, तोच मुकादमाकडे घेऊन जायचा. हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

६. मजुरांची घरं गिरणीमालकांनी बांधली का?

खेड्यातल्या गिरण्यांच्या मालकांनी बांधली, कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. मँचेस्टरच्या जवळच स्टायल इथे सॅम्युअल ग्रेगची गिरणी होती, तिथली मजूरवस्ती आजही उभी आहे. पण शहरात मालकाला ती जबाबदारी उरली नव्हती. घरं बांधली छोट्या बिल्डरांनी. कोणी सुतार, कोणी गवंडी, कोणी दुकानदार किंवा गुत्तेवाला, साठवलेल्या पैशातून चार-सहा घरं उभी करून भाडं खाणारा. जमीन बहुतेक वेळा वार्षिक भाड्यावर मिळायची. भाडं जमिनीवर ठरलेलं, मग त्या जमिनीवर जितकी जास्त दारं, तितका फायदा.

आकड्यांत मांडून बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, एखाद्या खऱ्या प्लॉटचे नाहीत. समजा ६० फूट रुंदीचा तुकडा आहे. १५ फुटांचं एक घर धरलं तर चार घरं बसतात, मागे प्रत्येकाला छोटं परसू. एका घराचं आठवड्याचं भाडं चार शिलिंग, म्हणजे सोळा शिलिंग. आता परसू काढून टाका आणि त्या जागी मागच्या भिंतीला चिकटवून आणखी चार घरं बांधा. प्रत्येक घर छोटं झालं, म्हणून भाडं अडीच शिलिंग. पण दारं आठ, म्हणजे वीस शिलिंग. वर मागची भिंत सामाईक, त्यामुळे विटा कमी. बिल्डर वाईट माणूस असायची गरजच नाही. हिशेबच त्याला तिकडे ढकलतो, आणि अडवणारा नियम नसतो (तो का नव्हता, ते प्रश्न ९ मध्ये).

गुंठेवारी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. अर्धा गुंठा म्हणजे साडेपाचशे चौरस फूट. त्यावर तळमजला, वर दोन मजले, आणि जिना पार रस्त्यात.

७. 'पाठीला पाठ' घर म्हणजे काय? आपल्या चाळीसारखंच ना?

नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. चाळीच्या खोलीला पुढे गॅलरी असते, बऱ्याचदा मागे खिडकी किंवा मोरी. वारा आरपार जातो. पाठीला पाठ लावलेल्या घराच्या चार भिंतींपैकी तीन शेजाऱ्यांशी सामाईक. दार आणि खिडक्या एकाच बाजूला. एका मजल्यावर एकच खोली, साधारण १२ बाय १२ फूट, वर तशीच दुसरी, कधी तिसरी. चूल, कपडे वाळवणं, झोपणं सगळं तिथेच, आणि हवेला बाहेर जायला वाटच नाही.

पुढची रांग रस्त्याकडे तोंड करून. मागची रांग आतल्या अंगणाकडे, ज्यात एका बोळातून शिरायचं. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या बोळात हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, तसाच बोळ डोळ्यांपुढे आणा. फक्त पलीकडे तुळस नाही, सामाईक संडास, राखेचा ढीग आणि नशीब असेल तर एक हातपंप. सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे या घरांच्या खालची तळघरं. जमिनीच्या खाली, ओल धरलेली, आणि पाऊस झाला की आतच पाणी. हजारो कुटुंबं अशा तळघरांत राहत होती.

८. एका संडासाला खरंच ३८० माणसं होती का?

हा आकडा डॉ. जेम्स फिलिप्स के यांचा. अँकोट्स भागातल्या गरिबांच्या दवाखान्यात ते काम करायचे आणि १८३२ साली त्यांनी पार्लमेंट स्ट्रीटबद्दल हे लिहिलं. सरासरी नव्हे, एका गल्लीची वाईटातली वाईट अवस्था. ती सगळ्या शहराला लावू नका. पण मोजून बघा: दिवसाची १४४० मिनिटं, भागिले ३८०. माणशी चार मिनिटंसुद्धा येत नाहीत, तेही रात्रभर रांग चालू राहिली तर. म्हणजे बहुतेकांनी तो वापरलाच नसणार. माझं लहानपण चिंचवडच्या एका चाळीत गेलं. बारा खोल्यांना दोन संडास होते. सकाळी माणसं नाही, रांगेत डबेच उभे असायचे, कोणाचा कुठला ते ओळखू यायचं, आणि तरी भांडण ठरलेलं. ३८० चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते डबे आठवले.

आता 'संडास' म्हणजे काय तेही नीट समजून घ्या. पाण्याचा फ्लश नाही, खाली पाइप नाही. एक खड्डा, त्यात मैला, राख, उरलंसुरलं अन्न. खड्डा भरला की रात्री गाडीवाले येऊन उपसायचे आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकायचे. गाव छोटं असताना ही पद्धत बरी चालायची, कारण शेत जवळ होतं आणि खताला गिऱ्हाईक होतं. शहर पसरलं तशी शेतं लांब गेली, गाडीचा खर्च वाढला, खताचा भाव परवडेना. मग खड्डे उपसण्याचं अंतर वाढत गेलं आणि ते पाझरून विहिरीत, तळघरात, गल्लीत येऊ लागले. शहराची वाढ आणि घाण यांचा सांधा इथे आहे, आणि पाठ्यपुस्तकात नेमका हाच गाळलेला असतो.

पुण्यातही टोपलीचे संडास बरीच वर्षं होते. तिथला आणि इथला मोठा फरक एकच. तिथे मैला उपसणारा मजूर गरीब होता, पण ते काम जन्माने त्याच्या मुलाला चिकटत नव्हतं.

९. नगरपालिका काय करत होती?

नव्हतीच. हे ऐकून मुलं दरवर्षी थक्क होतात. १८३८ पर्यंत मँचेस्टर कायद्याच्या नजरेत मोठं खेडंच होतं. जुन्या जमीनदारी घराण्याचं न्यायालय आणि शहराच्या देखभालीसाठी नेमलेले कमिशनर, एवढाच कारभार. १८३२ पर्यंत पार्लमेंटमध्ये मँचेस्टरचा स्वतःचा एकही खासदार नव्हता. गावाच्या जमीनदारीचे हक्क नव्या नगरपालिकेने १८४६ साली मोझ्ली घराण्याकडून दोन लाख पौंडांना विकत घेतले. म्हणजे तीन लाखांकडे निघालेल्या शहराचा बाजार तोपर्यंत एका घराण्याच्या मालकीचा!

कमिशनरांनी अगदी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दिव्यांच्या गॅसचा कारखाना त्यांनी स्वतः चालवला आणि त्यातला नफा रस्त्यांवर घातला. पण कुठल्या रस्त्यांवर? पेढ्या आणि दुकानं असलेल्या. के यांच्या वेळच्या पाहणीत ६८७ गल्ल्या तपासल्या, त्यांतल्या २४८ गल्ल्यांना फरशी नव्हती आणि ३५२ मध्ये कचऱ्याचे ढीग, साचलेलं पाणी किंवा मैला होता.

१०. १८३२ ची कॉलऱ्याची दंगल कशावरून झाली?

कॉलऱ्याची, आपल्याकडच्या जुन्या शब्दात पटकीची, साथ इंग्लंडमध्ये १८३१ च्या अखेरीस पोचली आणि पुढच्या उन्हाळ्यात मँचेस्टरमध्ये आली. स्वान स्ट्रीटवर तात्पुरतं कॉलरा रुग्णालय उघडलं. लोकांना आधीच संशय होता की डॉक्टर गरिबांची प्रेतं चिरफाडीसाठी लांबवतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे एक लहान मुलगा वारला. दफनाच्या वेळी आजोबांनी पेटी उघडायला लावली, तर धडाला डोकं नव्हतं, त्या जागी वीट ठेवलेली. जमाव रुग्णालयावर चालून गेला, मोडतोड झाली, शेवटी सैनिक बोलवावे लागले. नंतर एका कॅथलिक धर्मगुरूने मध्ये पडून डोकं परत मिळवलं आणि लोकांना शांत केलं.

मुलं विचारतात, अडाणी होते का ते लोक? मी उलट विचारते: त्यांचा संशय खोटा होता का? पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगच्या वेळी घरोघर होणाऱ्या तपासणीबद्दल लोकांच्या मनात काय होतं ते आठवा. रोगापेक्षा रोग हटवायला येणाऱ्या माणसाची भीती मोठी असू शकते, आणि ती निराधारच असते असं नाही.

रोग घाणेरड्या वासातून पसरतो असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत होते. ते चूक होतं. तो मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो, हे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली लंडनमध्ये एका पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून दाखवलं. पण वास घालवायला निघालेल्यांनी मैला हलवला, त्यामुळे चुकीच्या कारणाने अर्धं योग्य काम झालं. अर्धंच, कारण मैला हलवून नदीत टाकला आणि तेच पाणी प्यायला वापरलं, तर उलट होतं.

११. मँचेस्टरच्या मजुराचं सरासरी वय १७ होतं म्हणतात. म्हणजे लोक सतराव्या वर्षी मरायचे?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच आकड्याचा होतो, म्हणून इथे थोडं थांबते.

मजुरांच्या आरोग्यावरच्या एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या सरकारी अहवालात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय १७ दिलंय, व्यापाऱ्यांचं २० आणि सुखवस्तू वर्गाचं ३८. रटलंड या शेतीच्या परगण्यात हेच आकडे ३८, ४१ आणि ५२. म्हणजे मँचेस्टरचा श्रीमंत आणि रटलंडचा शेतमजूर एकाच आकड्यावर. हा भाग धक्कादायक आहेच.

पण १७ चा अर्थ बघा. समजा एका गल्लीत वर्षात दहा जण वारले. त्यांची वयं १, १, १, २, ३, ४, २८, ३५, ४२ आणि ५३. बेरीज १७०, भागिले दहा, सरासरी १७. आता या यादीत सतराच्या आसपास कोण वारलं? एकही नाही. सहा लहान मुलं आणि चार मोठी माणसं. मजूर वस्त्यांत निम्म्याहून जास्त मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात होती. सरासरी खाली ओढली ती त्यांनी. पाचव्या वर्षापुढे टिकलेलं मूल चाळिशी-पन्नाशी गाठू शकत होतं.

दुसरी मेख त्याहून बारीक आहे. मेलेल्यांच्या वयाची सरासरी ही तिथे राहतं कोण यावरही ठरते. निवृत्त लोकांच्या सोसायटीत मृत्यूचं सरासरी वय ऐंशी येईल, आणि जिथे सगळी तरुण जोडपी नि तान्ही मुलं राहतात तिथे ते फारच कमी येईल, भले तिथलं पाणी जास्त चांगलं असो. मँचेस्टर तरुणांनी भरलेलं होतं, त्यामुळे १७ हा आकडा खऱ्यापेक्षाही वाईट दिसतो. म्हणून विल्यम फार यांच्यासारखे आकडेतज्ज्ञ प्रत्येक वयोगटातली जिवंत माणसं आणि मृत्यू यांचा मेळ घालून आयुर्मान काढत. त्या पद्धतीने १८४० च्या सुमारास मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य पंचवीसच्या आसपास येतं आणि सरे परगण्यात पंचेचाळीस. परीक्षेत १७ लिहिणार असाल तर 'मृत्यूचं सरासरी वय' असं लिहा, 'आयुर्मान' लिहू नका.

१२. इतकं वाईट होतं तर लोक का येत राहिले? खेडं बरं नव्हतं का?

हवा-पाण्याला बरं, पोटाला नाही. खेड्यातला हातमागवाला १८०० च्या सुमारास बरं कमावत होता. यंत्रमाग आले आणि पुढच्या तीस वर्षांत त्याची मजुरी पार कोसळली. शेतमजुराला हिवाळ्यात काम नसायचं. गिरणीत आठवड्याला रोख पैसा, आणि बायकांना नि मुलांनाही काम. घरात तीन-चार जण कमावते झाले की खेड्यातल्यापेक्षा जास्त पैसा हातात पडायचा. येणारा माणूस वेडा नव्हता.

हिशेब कुठे चुकायचा? मजुरीचा आकडा येण्याआधी ऐकू येतो, विहिरीचं पाणी आल्यावरच कळतं. आणि जास्त मिळालेल्या पैशाने चांगलं पाणी विकत घेता येत नव्हतं, कारण ते गल्लीतच नव्हतं. त्या काळच्या सैनिकांच्या उंचीच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना १८३० नंतर जन्मलेल्या पिढीची उंची घटलेली दिसली. मजुरी थोडी वाढत होती तेव्हाच.

१३. मग सुधारलं कधी, आणि कशाने?

हळूहळू, तुकड्यातुकड्याने, आणि सगळ्यात जास्त नळाने.

पहिला तुकडा कायद्याचा. १८४४ साली मँचेस्टरने नियम केला की प्रत्येक नव्या घराला स्वतःचा संडास हवा. पाठीला पाठ घराच्या मागे संडासाला जागाच नसते, त्यामुळे तशी नवी घरं बांधणं आपोआप थांबलं. बंदी न घालता बंदी. पण जुनी घरं तशीच राहिली, कित्येक पुढची ऐंशी-नव्वद वर्षं. नियम नेहमी नव्या बांधकामाला लागतो आणि माणसं जुन्यात राहतात.

दुसरा पाण्याचा. इंजिनिअर जॉन बेटमन यांनी १८४८ साली पेनाइन डोंगरातल्या लाँगडेंडेल खोऱ्यात धरणांची साखळी बांधायला घेतली. १८५१ साली पाणी शहरात आलं. त्यानंतर कॉलऱ्याच्या १८६६ च्या साथीत मँचेस्टर बरंच वाचलं. वाढत्या शहराला तेही पुरेना, मग दीडशे किलोमीटरवरच्या थर्लमिअर तलावातून १८९४ साली पाणी आणलं. पेशव्यांनी कात्रजहून दगडी नळाने हौदांत पाणी खेळवलं होतं, तोच प्रकार, फक्त अंतर दहापटीहून जास्त.

तिसरा तुकडा मैल्याचा, आणि तो सगळ्यात रखडला. पाणी आलं तरी संडास खड्ड्यांचेच राहिले. मग खड्ड्याऐवजी बादल्या आल्या. खर्चाच्या भीतीने फ्लशचे संडास शहराने १८९० च्या दशकापर्यंत पुढे ढकलले. परिणाम आकड्यात दिसतो: मोठ्या माणसांचे मृत्यू १८७० पासून कमी होऊ लागले, पण तान्ह्या मुलांचे नाहीत. सगळ्या इंग्लंडमध्येच हजारी दीडशे अर्भकं १९०० पर्यंत जात राहिली. उन्हाळ्यात माशा, माशांवरून दूध, दुधातून जुलाब. नळाचं पाणी स्वच्छ, पण बादली दारातच.

कामाचे तास कमी करणारे कायदे, कामगार संघटना यांचा वाटा होताच. तो वेगळा विषय आहे, इथे घेत नाही.

१४. एंगल्सवर किती विश्वास ठेवायचा?

वर्णनावर बराच, निष्कर्षावर स्वतःच्या जबाबदारीवर. इंग्लंडच्या कामगारांच्या हालांवर पुस्तक लिहिणारा फ्रेडरिक एंगल्स १८४२ साली बाविसाव्या वर्षी वडिलांच्या भागीदारीतल्या गिरणीत काम शिकायला मँचेस्टरला आला. म्हणजे मालकाचाच मुलगा. त्याचे बरेच आकडे के आणि इतरांच्या अहवालांतून आलेले आहेत, त्यामुळे दोघांकडे तोच आकडा सापडला की दोन स्वतंत्र पुरावे धरू नका.

त्याचं स्वतःचं निरीक्षण मात्र पक्कं आहे. उपनगरातून पेढीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग असायची. ती मागच्या वस्तीला झाकायची. पैसेवाला माणूस आयुष्यभर त्या रस्त्याने ये-जा करू शकायचा आणि दोनशे पावलांवरची गल्ली त्याला दिसायची नाही. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. दुकानाला रस्ता लागतो आणि मजुराला रस्त्याकडेचं भाडं परवडत नाही, एवढंच.

१५. पिंपरी-चिंचवडला पुण्याचं मँचेस्टर म्हणावं का?

म्हणू नका, निदान उत्तरपत्रिकेत नको. क्रम उलटा आहे. मँचेस्टरला आधी गिरण्या, मग माणसं, मग पन्नास वर्षांनी कारभार. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती कामगारांच्या वसाहतीसकट. साठच्या दशकात एमआयडीसीने प्लॉट, रस्ते, पाणी आधी आखलं आणि मग कारखाने बोलावले. नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. पटकी कशाने होते हेही तोवर सगळ्यांना माहीत होतं.

साम्य आहे ते प्रश्न ६ मधल्या हिशेबात. कारखान्याचा प्लॉट आखला, पण कायम नसलेल्या, कंत्राटी कामगाराने राहायचं कुठे ते फार थोडं आखलं. १९९१ साली पाच लाखांच्या वर असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेली (हद्दवाढीसाठी प्रश्न ३ पाहा), आणि ती माणसं गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांत, गुंठेवारीत आणि झोपडपट्टीत मावली.

१६. त्या मँचेस्टरचं आज काही उरलंय का?

अँकोट्सच्या काही गिरण्या उभ्या आहेत आणि त्यांत आता महागडे फ्लॅट आहेत. पण तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. मैला नदीत सोडणं अशक्य झालं तेव्हा शहराने डेव्हिहल्म इथे १८९० च्या दशकात शुद्धीकरणाचं केंद्र उभारलं. तिथेच काम करणाऱ्या अर्डर्न आणि लॉकेट या रसायनतज्ज्ञांच्या लक्षात आलं की मैलापाण्यात सतत हवा सोडली आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, तर त्यातले जंतूच घाण खातात. १९१४ साली त्यांनी ते जाहीर केलं. जगभरातली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आजही मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. मोठ्या सोसायटीत राहत असाल तर तळमजल्याच्या मागे घुरघुरणारा, रात्री झोपमोड करणारा जो ब्लोअर असतो, तो बहुतेक वेळा हेच करत असतो.